दूरवैद्यकीय सल्ला (टेलिकन्सल्टेशन)

डॉक्टर व रुग्ण समोरासमोर नसताना व्हिडिओ, फोन किंवा लेखी संदेशांतून होणारी तपासणी व औषधयोजना. पुण्यात ती बहुधा ‘ऑनलाइन कन्सल्टेशन’ म्हणून ओळखली जाते.

भारतात तिचा आरंभ साधारणपणे 2000 च्या आसपासचा मानतात. त्या वेळचे प्रयोग उपग्रहजोडणीचे आणि रुग्णालय ते रुग्णालय असे होते. डॉक्टर थेट घरच्या रुग्णाशी बोलतो हा आजचा प्रकार त्यानंतरचा. 2020 पूर्वी तो कायदेशीर होता का, याविषयी मतभेद आहेत. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. दांपत्य गावाबाहेर असताना प्रसूत रुग्णेला फोनवरील सूचनांनुसार औषधे दिली गेली होती आणि पुढे ती दगावली. या निर्णयाने फोनवरचा सल्लाच बेकायदा ठरला, असा अर्थ अनेकांनी काढला. परंतु प्रश्न जामिनाचा होता आणि रोख रुग्णाला डॉक्टरविना ठेवण्यावर होता. त्यामुळे तो अर्थ ताणलेला वाटतो. तेव्हा स्पष्ट नियम नव्हता, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. 25 मार्च 2020 रोजी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि ती 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेला जोडली गेली.

संमतीबाबत या तत्त्वांची कसोटी एकच आहे: सल्लामसलत सुरू कोणी केली? रुग्णाने स्वतः फोन लावला, तर संमती गृहीत धरतात. डॉक्टर, आरोग्यसेविका किंवा काळजीवाहू नातेवाइकाने सुरुवात केली, तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते. ती संदेश, ईमेल, ध्वनिफीत वा चित्रफीत अशी कोणत्याही स्वरूपात चालते आणि डॉक्टरने ती नोंदवून ठेवायची असते. मुले परदेशी व आईवडील कोथरूड-औंधमध्ये, अशा घरांत हा भेद रोजचा आहे.

नमुना म्हणून मधुमेह व रक्तदाब असलेल्या बहात्तर वर्षांच्या बाई घेऊ. परदेशातील मुलगा व्हिडिओ कॉल जुळवून देतो. आई कॉलवर असेल तर डॉक्टरांनी तिलाच विचारावे, ‘आजी, फोनवर तपासलं तर चालेल ना?’ आणि तिचे उत्तर टिपावे. ती कॉलवर नसेल, तर मुलाकडे तिचे सहीचे अधिकारपत्र किंवा नाते दाखवणारा कागद हवा. तिने मध्येच ‘मला दवाखान्यातच यायचंय’ म्हटले, तर डॉक्टरला ऑनलाइनचा आग्रह धरता येत नाही.

याच आजार व औषधांसाठी बाई चार महिन्यांपूर्वी प्रत्यक्ष भेटल्या असतील, तर कॉल पाठपुराव्यात मोडतो आणि चालू गोळ्या पुन्हा लिहून देता येतात. त्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा आहे. पण पावलांना नव्यानेच सूज आली असेल, तर मागच्या भेटीचा आधार पुरेसा नाही. सूज बोटाने दाबून पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे हे पडद्यावर होत नाही. इथे डॉक्टरने ‘या’ म्हणणे हाच सल्ला. मादक व मनोविकारी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे सर्वसाधारणपणे दुरून देता येत नाहीत. झोपेच्या अनेक गोळ्या त्यांत येतात. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

आता याच कॉलवर बाई म्हणाल्या, ‘छातीत दडपल्यासारखं होतंय, घाम फुटलाय.’ इथून सल्लामसलत संपते. तातडीच्या वेळी डॉक्टरचे काम प्रथमोपचार सांगणे व रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचारांकडे धाडणे इतकेच उरते. अडचण अशी, की डॉक्टर बाणेरला, मुलगा परदेशात आणि 108 ला फोन करायचा तो कोथरूडहून. परदेशातून हा तीन अंकी क्रमांक सहसा लागत नाही. म्हणून कॉलच्या सुरुवातीलाच रुग्ण या क्षणी कुठे आहे, त्याचा पूर्ण पत्ता व जवळच्या शेजाऱ्याचा क्रमांक लिहून घेणे शहाणपणाचे. रुग्णवाहिका बोलवावी शेजाऱ्याने. मुलाने फोन चालू ठेवावा. बाईंनी बसून राहावे, चालू नये, दार उघडे असावे. तोंडाचा एक कोपरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, दम लागून वाक्य पुरे न होणे यांनाही हेच लागू. अशा वेळी ॲपवरील पुढची वेळ मिळण्याची वाट पाहू नये.

गोपनीयतेचा भार दोन्ही बाजूंना आहे. डॉक्टरने नोंदी जपायच्या असतात. मात्र तांत्रिक त्रुटीने किंवा तिसऱ्याच व्यक्तीकडून माहिती फुटल्याचा वाजवी पुरावा असेल, तर तत्त्वे त्याला जबाबदार धरत नाहीत. व्यवहारात गळती बहुधा घरातूनच होते: रिपोर्टचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पडतो, किंवा कॉल स्पीकरवर असतो आणि खोलीत पाहुणे असतात. खोलीत आणखी कोण आहे हे डॉक्टरने विचारावे, आणि आपल्या बाजूला कोणी बसले असेल तर तेही सांगावे.