थकलेल्या बिलाचे हप्ते बांधून देताना: करारात काय हवं, कागद कोणते

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या लहान कारखानदारांचं नेहमीचं दुखणं म्हणजे माल जातो, बिल थकतं, आणि शेवटी "हप्त्याहप्त्यानं देतो" असं ठरतं. ठरतं, पण लिहून घेतलेलं नसतं. लिहिलेलं असलं तरी नेमकं हवं तेच त्यात नसतं.

उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची हवी. नंतर केलेली नोंदणी आधीच्या बिलांना लागू होईलच असं नाही. उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं व्याज आणि थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलचा रस्ता फक्त सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा उद्योगांना आहे. मध्यम उद्योगांना आणि नुसत्या व्यापाऱ्यांना तो नाही.

कागदांत बिलं, पर्चेस ऑर्डर आणि खातेउतारा बहुतेकांकडे असतोच. नसतं ते डिलिव्हरी चलन. गेटवरच्या वॉचमननं सही ठोकलेली, शिक्का नाही, तारीख पुसट. वाद झाला की समोरचा "माल मिळालाच नाही, मिळाला तो खराब होता" असं खुशाल म्हणतो. म्हणून कराराच्या पहिल्याच परिच्छेदात बिल क्रमांक व तारखांसह "माल मिळाला, तक्रार नाही, इतकी रक्कम देणे आहे" हे त्याच्याकडून लिहून घ्या. बिलाची मुदत टळल्यापासून तीन वर्षांच्या आत अशी सही मिळाली, तर दाव्याची तीन वर्षं सहीपासून नव्यानं मोजली जातात. सही भागीदाराची किंवा अधिकार दिलेल्या संचालकाची हवी. अधिकार न दिलेल्या अकाउंटंटची चालत नाही. पाचशेचा स्टॅम्प घ्या, तिथं कंजुषी नको.

समजा ७,२०,००० रुपये थकलेत. १,२०,००० रोख आणि पुढचे सहा हप्ते लाखाचे, दर महिन्याच्या १० तारखेला. दोन आले, तिसरा बुडाला. "एक हप्ता सात दिवसांहून जास्त चुकला तर उरलेली सगळी रक्कम ताबडतोब देय" हे वाक्य नसेल, तर दावा त्या एका लाखाचाच होतो. बाकीच्या तीन लाखांसाठी त्यांच्या तारखांची वाट पाहत बसायचं. वाक्य असेल तर ते सात दिवस उलटले की चारही लाख एकदम मागता येतात.

आणखी एक खोड म्हणजे भिडेखातर "व्याज माफ" असं सरळ लिहून देणं. कायद्यानं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. तुमच्या हातातलं वजन तेच. "सगळे हप्ते वेळेत आले तरच माफ, नाहीतर मूळ देय तारखेपासून लागू" असंच लिहा.

प्रत्येक हप्त्याचा तारखेचा चेक आधीच घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. परत आला तर बँकेचा मेमो हाती पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस निघाली पाहिजे. लोक हे दिवस चेकच्या तारखेपासून मोजतात किंवा "पुढच्या महिन्यात देतो" यावर विसंबून घालवतात. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर कोर्टात तक्रारीला तुम्हाला एक महिना. नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती मेमोलाच टाचून ठेवा. त्याचे १५ दिवस तिच्यावरच्या तारखेपासून सुरू होतात.