बंब अंगणात होता, गिझर मोरीत आला

सोलापुरातल्या जुन्या घरांत आंघोळीचं पाणी अंगणात किंवा मागच्या पडवीत तापायचं. तांब्याचा बंब, मधोमध धुराचं नळकांडं, खाली जाळी आणि त्यात मिळेल ते जळण. तापलेलं पाणी बादलीने मोरीत न्यायचं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्या जाळातूनही निघायचा, चांगला भरपूर. पण जाळ बाहेर आणि माणूस आत. शिवाय धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप लांब सरकायचा.

गॅस गिझर आपल्याकडे उशिरा आला, तरी त्याचा जन्म 1868 सालचा. लंडनच्या बेंजामिन वाडी मॉन यांनी वाहतं पाणी गॅसच्या ज्वाळांवर तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला आइसलंडमधल्या उष्ण फवाऱ्यांवरून नाव दिलं. त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षांनंतर आपल्या बाथरूमच्या भिंतींवर टांगलेल्या अनेक छोट्या गिझरांनाही ती नसते, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

विजेच्या भारनियमनाच्या वर्षांत आपल्या भागात हे यंत्र घरोघर शिरलं. पहाटे वीज नाही, सिलिंडर मात्र घरात आहेच, आणि नळ सोडला की दुसऱ्या क्षणी कढत पाणी. मधल्या काळात घरं लहान झाली होती. अंगण गेलं, पडवी गेली, उरलं चार बाय पाचचं बाथरूम. गिझर तिथेच लागला. डिसेंबरात गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लागतो तोही तिथेच.

त्या बाथरूमचा हिशोब मांडून बघू. चार बाय पाच फूट, उंची आठ फूट, म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर हवा. घरगुती गिझर मिनिटाला सुमारे 13 ग्रॅम गॅस जाळतो, आणि तेवढ्याला दीडशे लिटरहून जास्त हवा लागते. दार-झरोका बंद असेल आणि फटींतून फारशी हवा येत नसेल, तर 21 टक्के असलेला ऑक्सिजन चार-पाच मिनिटांत 18 टक्क्यांच्या आसपास उतरतो. इथून ज्वाळेला पुरेशी हवा मिळत नाही आणि अर्धवट जळलेल्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड होऊ लागतो. म्हणजे पहिला माणूस सुखरूप बाहेर येतो आणि दार न उघडता लगेच आत गेलेल्या दुसऱ्याला त्रास होतो, असंही घडू शकतं.

‘गॅसचा वास तर आला नाही’ असं अशा वेळी हमखास ऐकू येतं. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो न जळता गळणारा गॅस कळावा म्हणून. जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. 1895 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तो स्वतः हुंगून पाहिला, आणि खाणीतल्या मजुरांच्या पायांतलं बळ तो कसं काढून घेतो हे नोंदवलं. बाथरूममध्ये नेमकं हेच होतं. डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय लुळे पडतात आणि हाताशी असलेली कडी काढता येत नाही. कुणाला झटका येतो. घरच्यांना वाटतं फिट आली, किंवा हार्ट अटॅक.

त्यानंतरचा एक धोका तर डॉक्टरकडे पोचल्यावरही राहतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचं रक्त समजतो आणि 98 दाखवतो. म्हणून ‘बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य सोबतच्या माणसाने आपणहून सांगायला हवं. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास.

नव्या गिझरांत ऑक्सिजन घटला की ज्वाळा बंद करणारी सोय असते. ती असावीच, पण तिची मर्यादा ध्यानात घ्या. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं बसलं, किंवा वरच्या तांब्याच्या पट्ट्यांत काजळी साचली, तर खोलीत ऑक्सिजन पुरेसा असतानाही ज्वाळ नीट जळत नाही, आणि ही सोय गप्प राहू शकते. ज्वाळ निळी सोडून पिवळी दिसली, गिझरच्या वरच्या बाजूला काळं धरलं, की तो बंद करून मेकॅनिकला बोलवावं.

घरात कुणी असं पडलेलं दिसलं तर आधी दार सताड उघडायचं, शक्य असेल तर बाहेरूनच सिलिंडर बंद करायचा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणायचं आणि 108 ला फोन करायचा. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसू नये, वाचवणाराही तीच हवा घेत असतो.

गिझर बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, त्याची भिंत बदलावी लागते. मोकळ्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर तो टांगायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप भोक पाडून आत घ्यायचा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. जाळ पुन्हा बाहेर जातो, जिथे आजीचा बंब होता.