ड्रोनचं अनुदान: अर्ज कुठे अडतो आणि चार एकरवाल्याने तो करावा का

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून फवारणी ड्रोनला अनुदान मिळतं. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या 50 टक्के, कमाल 5 लाख. बाकीच्यांना 40 टक्के, कमाल 4 लाख. अर्ज महाडीबीटीवर. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं आणि लागू असेल तर जातीचा दाखला, एवढ्यावर अर्ज जातो. इथवर कोणी अडत नाही.

अडतात ते बिलाच्या तारखेवर. कृषी विभागाची पूर्वसंमती मिळण्याआधी केलेली खरेदी अनुदानाला चालत नाही. आमच्याकडच्या एकाने विक्रेत्याच्या "संमती आलीच समजा" या शब्दावर पैसे भरले. बिलावर पूर्वसंमतीच्या दोन दिवस आधीची तारीख पडली आणि अर्ज बाद झाला. खरेदीची मुदतसुद्धा पूर्वसंमतीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही मेसेज उघडला त्या दिवसापासून नाही. आणि अनुदान नंतर खात्यात येतं, म्हणजे आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते.

दुसरी अडचण कागदाची. अर्जाच्या यादीत तो ठळक नसतो, पण ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय 18 ते 65, दहावी पास आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण. त्यासाठी पासपोर्ट हवा असं अजूनही काही जण सांगतात; 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्डही चालतं. दहावी नसेल तर घरातल्या मुला-सुनेला प्रशिक्षणाला पाठवा. विक्रेत्याकडून त्या मॉडेलच्या टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे मान्यतेच्या दाखल्याची, प्रत घ्या. ड्रोनचा नोंदणी क्रमांक विक्रेत्याच्या नावावरच राहिलेला नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. नंतर फोन उचलत नाहीत.

आता हिशोब. समजा ड्रोन 8 लाखांचा, अनुदान 4 लाख, म्हणजे पदरचे 4 लाख. भाडं एकरी 500 रुपये धरा. त्यातून चालक, चार्जिंग, ने-आण यांचे 200 गेले, उरले 300. चार लाख निघायला साधारण 1,333 एकर फवारणी हवी. तुमची चार एकर कपाशी, सहा फवारण्या, म्हणजे वर्षाला 24 एकर. भाड्याने करून घेतली तर 12,000 रुपयांत वर्ष सुटतं. शिवाय एका चार्जमध्ये एक-दीड एकरच होतो आणि बॅटऱ्या काही शे चार्जनंतर मरगळतात, म्हणजे भांडवल सुटेपर्यंत नव्या बॅटऱ्यांचा खर्च उभा.

गावात आणि शेजारच्या दोन-तीन गावांत मिळून वर्षाला 500-600 एकरांचं काम पक्कं असेल, तरच हा अर्ज भरा. तेही तोंडी नको. गेल्या हंगामात कोणी, किती एकर, कितीला फवारून घेतलं, ते आधी वहीत उतरवून काढा.