लघवीतला नायट्रोजन काय सांगतो

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की शरीराच्या दृष्टीने उपवास झालेलाच नसतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि पिष्टाचे पोटात ग्लुकोजच होते. खरा निराहार पाहायचा तर जैनांचे मासक्षमण पाहावे, महिनाभर फक्त उकळलेले पाणी. इतके दिवस माणूस तगतो कसा?

चरबी असते म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. खरी अडचण मेंदूची आहे. त्याला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. चरबीतली मेदाम्ले त्याला इंधन म्हणून फारशी उपयोगी पडत नाहीत आणि त्या मेदाम्लांपासून ग्लुकोजही बनत नाही. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेले ग्लुकोज एखाद्या दिवसात बहुतेक संपते. मग ग्लुकोज आणायचे कुठून? चरबी फुटताना सुटणाऱ्या ग्लिसरॉलपासून दिवसाला जेमतेम २० ग्रॅम मिळते. उरते ते स्नायूंतले प्रथिन.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम प्रथिनापासून साधारण ५५ ते ६० ग्रॅम ग्लुकोज मिळते. मेंदूची उरलेली ८० ग्रॅमची गरज अशी भागवायची, तर रोज सुमारे १४० ग्रॅम प्रथिन मोडावे लागेल. स्नायूत पाचवा हिस्सा प्रथिन आणि बाकी बहुतेक पाणीच, म्हणजे रोज ७०० ग्रॅम स्नायू गेला. दहा दिवसांत सात किलो! या गतीने माणूस तीन आठवडेही काढणार नाही, कारण श्वास ओढणारे स्नायूही त्याच प्रथिनाचे आहेत.

प्रत्यक्षात किती प्रथिन मोडले, हे लघवीतून कळते. प्रथिन मोडले की त्यातला नायट्रोजन बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतो. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिन. १९१२ साली बोस्टनमध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी एका स्वयंसेवकाचा ३१ दिवसांचा निराहार असाच रोज मोजला. पहिल्या दिवशी नायट्रोजन सुमारे ७ ग्रॅम निघाला, कारण ग्लायकोजेन अजून शिल्लक होते. चौथ्या दिवशी तो १२ ग्रॅमवर गेला, म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिन. नंतर मात्र आकडा हळूहळू उतरत गेला. खायला काहीच नसताना शरीर काटकसर करत होते, पण मेंदू कशावर चालला होता, हे त्या आकड्यांतून कळण्यासारखे नव्हते.

ते कळायला १९६७ उजाडले. बोस्टनमध्येच ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे निराहार असलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त तपासले. त्यात काय कमी झाले, ते मेंदूने वापरले. ग्लुकोजचा वापर बराच घटलेला होता आणि सर्वांत जास्त ऊर्जा कीटोनांतून मिळत होती.

कीटोन म्हणजे यकृताने चरबीपासून केलेले छोटे, पाण्यात विरघळणारे तुकडे. मेदाम्लांना मेंदूत सहज प्रवेश नसतो, तो यांना मिळतो. गंमत अशी की यकृताला स्वतःला ते जाळता येत नाहीत, त्यासाठीचे एक विकर त्याच्याकडे नसतेच. त्यामुळे केलेला सगळा माल इतरांना मिळतो. सुरुवातीला स्नायूही कीटोन जाळतात, पण काही आठवड्यांनी ते मुख्यतः मेदाम्लांवर चालू लागतात. मग रक्तात कीटोन साठतात आणि मेंदूच्या वाट्याला जास्त येतात. पाच-सहा आठवड्यांनी नायट्रोजन दिवसाला तीन-चार ग्रॅमवर येतो. म्हणजे प्रथिनाचा खर्च सुमारे २० ते २५ ग्रॅम.

त्या नायट्रोजनाचे रूपही बदललेले असते. एरवी तो बहुतेक युरियाच्या रूपात जातो, आता मोठा भाग अमोनियाच्या रूपात जातो. कीटोन आम्लधर्मी असतात, आणि लघवीवाटे जाणाऱ्या त्या आम्लाला सावरायला मूत्रपिंड ग्लुटामिन हे अमिनो आम्ल फोडून अमोनिया तयार करते. ग्लुटामिनचा उरलेला कार्बन वाया जात नाही, मूत्रपिंड त्याचेच ग्लुकोज करते. दीर्घ उपवासात शरीरात नव्याने बनणाऱ्या ग्लुकोजचा जवळजवळ निम्मा भाग इथे तयार होतो. ग्लुकोज करणे हे यकृताचेच काम, असे शाळेत शिकलेल्यांना हे जरा खटकेल.

निरोगी माणसात हे आम्ल आटोक्यात राहते, कारण थोडे का होईना इन्सुलिन रक्तात असते आणि ते चरबी फुटण्याला लगाम घालते. टाइप १ मधुमेहात तो लगाम सुटला की कीटोन कित्येक पटींनी चढतात आणि जीवावर बेतते. म्हणून ‘कीटोन वाढले’ एवढ्यावरून काही ठरत नाही.

ही काटकसर सगळ्यांना सारखी साधत नाही. ताप, जंतुसंसर्ग किंवा मोठी जखम असेल तर उपाशीपोटीही प्रथिन भराभर मोडत राहते. बारीक माणसाचा साठाही लवकर सरतो. १९८१ च्या उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या उपोषणात दहा जण दगावले, ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान; त्यांतले बॉबी सँड्स ६६व्या दिवशी. प्राण्यांवरील प्रयोगांत चरबी संपत आली की आठवडेच्या आठवडे खाली राहिलेला नायट्रोजनचा आकडा पुन्हा झपाट्याने वर चढताना दिसतो.