सूचक प्रश्न आणि जोडप्रश्न: दोष वेगळे, इलाजही वेगळे

सर्व्हेची प्रश्नावली कोणाकडे तपासायला दिली की बहुतेकदा समासात एकच शेरा येतो: ‘प्रश्न बायस्ड आहे, सुधारा.’ मग कोणीतरी दोन विशेषणं काढतं, ‘आणि’ दिसला तिथे प्रश्न तोडतं आणि प्रश्न सुधारला असं समजतं. हे फार वेळा पाहिलंय. या शेऱ्याखाली दोन निराळे दोष लपलेले असतात. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की दोष तसाच राहतो आणि संशोधकाला जे शोधायचं होतं तेच हातातून जातं.

सूचक प्रश्न सगळ्यांना माहीत असतो. विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते प्रश्नातूनच कळतं: ‘तज्ज्ञांच्या मते’, ‘वाढत्या गैरसोयीमुळे त्रस्त’, ‘तुम्हालाही असंच वाटतं ना?’ जोडप्रश्न कोणत्याच बाजूला झुकवत नाही, पण एका उत्तरात दोन गोष्टी मागतो. एवढी व्याख्या पुरे.

खरी गल्लत पुढच्यासारख्या वाक्यात होते. मुंबईतल्या एखाद्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाबद्दलच्या प्रश्नावलीत हमखास सापडेल असं हे वाक्य आहे:

‘वस्तीतलं शौचालय अस्वच्छ आणि असुरक्षित असल्यामुळे महिला रात्री तिथे जात नाहीत, हे तुम्हाला मान्य आहे का?’

नेहमीची दुरुस्ती अशी: ‘अस्वच्छ’, ‘असुरक्षित’ हे कल देणारे शब्द, ते सौम्य करा, ‘आणि’ आहे, तिथे तोडा. हाती येतं ते असं: ‘शौचालयाच्या स्थितीमुळे महिला रात्री जात नाहीत का?’ दिसायला साधा, निःपक्षपाती प्रश्न. तरीही तो जोडप्रश्नच आहे, कारण मूळचा जोड ‘आणि’त नव्हताच, ‘मुळे’त होता. ‘जात नाहीत’ हे एक विधान आणि ‘त्याचं कारण स्थिती’ हे दुसरं.

पडताळा सोपा आहे. ‘नाही’ हे उत्तर कोणकोण देईल ते कागदावर लिहा. जी रात्री जाते ती ‘नाही’ म्हणेल. जी जात नाही, पण दहा वाजता कुलूप लागतं म्हणून, तीही ‘नाही’च म्हणेल. जिच्या घरात शौचालय आहे तीसुद्धा ‘नाही’ म्हणेल. तिघींचे अनुभव निराळे, पण तक्त्यात तिघी एकाच रकान्यात. आणि ‘महिला’ म्हटल्यावर उत्तर देणारी स्वतःबद्दल बोलतेय की शेजारणींबद्दल, तेही कळत नाही.

उलट, प्रत्येक ‘आणि’ गुन्हेगार नसतो. ‘तुम्ही हात साबण आणि पाण्याने धुता का?’ ही एकच कृती आहे. साबणाचा आणि पाण्याचा प्रश्न वेगळा केलात तर जी माहिती हवी होती तीच मोडते. ‘आणि’ शोधून कात्री लावणं हे माझ्या मते आळशी काम आहे. शोधायचं ते ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘साठी’, ‘तरीही’.

आता शौचालयाच्या प्रश्नाचे नुसते तीन तुकडे केले तर? ‘शौचालय स्वच्छ असतं का? सुरक्षित वाटतं का? रात्री जाता का?’ जोड गेला, पण हेतूही गेला. संशोधकाला ठरवायचं होतं की आधी दिवे लावायचे, सफाई वाढवायची की कुलूप उशिरा लावायचं. तीन तुटक उत्तरांवरून ‘अस्वच्छ म्हणणाऱ्यांपैकी इतक्या जणी जात नाहीत’ असा तक्ता बनेल, पण त्या अस्वच्छतेपायी जात नाहीत हे त्यातून सिद्ध होत नाही. कारण हवं असेल तर कारण स्वतंत्रपणे विचारावं लागतं, तेही जिला ते लागू आहे तिलाच.

मी हा प्रश्न असा लिहीन. आधी वागणूक, ठरावीक काळाबद्दल: ‘गेल्या सात दिवसांत रात्री दहानंतर तुम्ही वस्तीतलं शौचालय किती वेळा वापरलं?’ ज्या ‘एकदाही नाही’ म्हणतील त्यांनाच पुढचा: ‘रात्री न वापरण्याचं कारण काय?’ पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. त्यांनी सांगितलेलं ऐकून विचारणाऱ्याने खुणा करायच्या: बंद असतं, अंधार, घाण, लांब, भीती, पैसे लागतात, घरातच सोय आहे, गरज पडली नाही. शेवटचा पर्याय विसरलात तर जिला काही अडचणच नव्हती तिच्याकडूनही एखादी तक्रार वदवून घेतली जाते. मग ‘आणखी काही?’ आणि शेवटी ‘यातलं सगळ्यात मोठं कारण कोणतं?’ स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न मात्र सगळ्यांनाच, दोन निराळ्या ओळींत. ‘घाणही आणि भीतीही’ म्हणणाऱ्या किती, हे तक्ता करताना मिळतंच. ती बेरीज उत्तर देणाऱ्या बाईकडून कशाला करून घ्यायची?

सूचकतेचा इलाज याहून अवघड आहे, कारण ती दिसत नाही. जोडप्रश्न पायलटमध्ये, म्हणजे आधी थोड्या लोकांना विचारून घेतलेल्या चाचणीत, बऱ्याचदा उघडा पडतो: ‘हो, पण…’, ‘कशाबद्दल विचारताय?’ असं लोक म्हणतात. काही जण मात्र आपल्याला जवळचा अर्धा भाग धरून गुपचूप उत्तर देतात, म्हणून ‘उत्तर देताना तुमच्या मनात काय होतं?’ हे पायलटमध्ये विचारायलाच हवं. सूचक प्रश्नावर कोणीच अडखळत नाही. सगळे झटपट ‘हो’ म्हणतात आणि फिल्डवरून ‘प्रश्न छान चालला’ असा निरोप येतो.

याचा जुना दाखला डोनाल्ड रग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगाचा, १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला. लोकशाहीविरोधी भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर ४६ टक्के ‘हो’ म्हणाले. तशाच दुसऱ्या गटाला अशा भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के ‘नाही’ म्हणाले. दोन्ही प्रश्नांत एकही भडक विशेषण नाही, एकही जोड नाही. नुसतं वाचून हा फरक कोणाच्याही ध्यानात आला नसता. म्हणून शंका असेल तिथे निम्म्या लोकांना एक रूप आणि निम्म्यांना उलट रूप विचारून पाहायचं, दुसरा भरवशाचा उपाय नाही. निदान ‘मान्य आहे का?’ ही धाटणी तरी सोडा. तिच्यात एकच बाजू मांडलेली असते आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अनेकांना जड जातं. ‘काही जणींना रात्री तिथे जायला भीती वाटते, काहींना वाटत नाही. तुम्हाला?’ असं विचारलं की दोन्ही उत्तरांना जागा राहते.

इथे उलटी चूकही होते. सूचक नको म्हणून प्रश्न इतका गुळमुळीत करतात की उरतं: ‘शौचालयाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ थेट विचारणं म्हणजे सूचक विचारणं नव्हे. भीतीबद्दल जाणून घ्यायचं असेल तर ‘भीती’ हा शब्द प्रश्नात यायलाच हवा.

कागद शुद्ध झाला तरी बोलताना सूचकता परत शिरते. छापलंय ‘किती वेळा वापरलं?’ आणि दारात विचारलं जातं ‘रात्री नाही ना जात तुम्ही?’ म्हणून प्रशिक्षणात प्रश्न मोठ्याने म्हणवून घ्यायचा आणि हा ‘ना’ ऐकू आला की तिथेच थांबवायचं. प्रश्नावली मराठीतून हिंदीत जाते तेव्हाही हेच तपासायचं.

आणि मागच्या फेरीत जुनाच प्रश्न विचारला गेला असेल तर या फेरीत निम्म्या घरांत जुना आणि निम्म्यांत नवा विचारा, कुठल्या घरी कोणता ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आकडा बदलला तो वस्ती बदलली म्हणून की वाक्य बदललं म्हणून, ते सांगता येणार नाही.