बाटलीची पुन्हा बाटली होते का?

"पाण्याची रिकामी बाटली भंगारात दिली की तिचीच पुन्हा नवी बाटली होते ना?"

बहुतेक वेळा नाही. या बाटल्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात, आणि आपल्याकडे भंगारातल्या पेट बाटल्यांचा मोठा हिस्सा पॉलिएस्टरच्या धाग्यात जातो.

यांत्रिक पद्धतीत बाटल्या निवडून, चुरा करून, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुतात आणि साधारण २७० अंशांना वितळवून दाणे करतात. चुऱ्यात ओल राहिली तर या उष्णतेत पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. लेबलातून पीव्हीसीचे थोडे तुकडे आले, तरी त्यांतून सुटणारे आम्ल तेच करते आणि माल पिवळा पडतो. साखळीची लांबी स्निग्धतांकावरून, म्हणजे विरघळवलेले पेट किती दाट होते त्या आकड्यावरून, कळते. बाटलीला तो ०.७५ ते ०.८० लागतो, धाग्याला ०.६५ च्या आसपास चालतो. म्हणूनच घसरलेला माल धाग्याकडे वळतो.

साखळ्या पुन्हा वाढवता येतात. त्यासाठी दाणे न वितळवता, निर्वातात, २०० अंशांच्या वर काही तास ठेवतात. पण रंग आणि आत मुरलेली घाण याने पूर्ण जात नाही. बाटलीत कुणी फिनेल भरले होते का, हे चुरा सांगत नाही. खाद्यवापरासाठी खरी अडचण हीच, असे मला वाटते.

रासायनिक पद्धत इथे कामाची. ग्लायकॉल या द्रवात तापवून पेटचे लहान रेणू करायचे, ते गाळून शुद्ध करायचे आणि पुन्हा जोडायचे. रंगीत मालही चालतो, माल नव्यासारखा होतो. मात्र शुद्धीकरणाला इंधन आणि पैसा इतका लागतो की कच्चे तेल स्वस्त असताना नवे पेटच परवडते.