नमुना पाठ (शिक्षकभरती)

शिक्षकपदाच्या मुलाखतीत उमेदवाराने निवड समितीसमोर किंवा प्रत्यक्ष वर्गावर घेतलेला छोटा पाठ. बोलीत याला ‘डेमो’ म्हणतात. त्याला साधारण दहा मिनिटे मिळतात. डी.एड., बी.एड.च्या पूर्ण तासिकेचे पाठ टाचण तेवढ्यात बसत नाही, म्हणून एकच उद्दिष्ट, एकच कृती आणि एकच पडताळणी ठेवावी लागते. आखणी पडताळणीपासून करणे सोयीचे असते: शेवटी मुलाने काय लिहून दाखवायचे ते ठरले की अनावश्यक भाग आपोआप गळतो.

पाचवीचे अपूर्णांक घेऊ. ‘अपूर्णांक समजतो’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता, हे विद्यार्थी कारणासह सांगतो’ हे तपासता येते.

पहिल्या मिनिटात फळ्यावर १/४ आणि १/८ लिहून मोठा कोणता ते विचारावे. आठ चारापेक्षा मोठा, म्हणून बरीच मुले १/८ म्हणतात. ते उत्तर न खोडता फळ्यावर ठेवावे, कारण पुढची कृती त्याचीच परीक्षा घेते.

पुढची पाच मिनिटे कृतीची. तिघांच्या गटाला सारख्या लांबीच्या तीन कागदी पट्ट्या द्याव्यात. एकाने पट्टी एकदा, दुसऱ्याने दोनदा, तिसऱ्याने तीनदा निम्म्यात दुमडायची, उलगडून एक भाग रंगवायचा आणि पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या. पट्ट्या लहानमोठ्या असतील तर तुलनाच चुकते. तृतीयांशाची घडी हाताने नीट पडत नाही, म्हणून ती इथे टाळलेली बरी. त्यानंतरच्या मिनिटात मुलांच्याच तोंडून निष्कर्ष घेऊन फलकलेखन करावे.

उरलेली तीन मिनिटे पडताळणीला राखावीत. १/३ आणि १/५ यांतला मोठा कोणता, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर एका वाक्यात कारण देऊन लिहावे. या घड्या मुलांनी घातलेल्या नसल्यामुळे पाठांतराने उत्तर येत नाही. दोनच पर्याय असल्याने अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येऊ शकतात, म्हणून कारण वाचणे महत्त्वाचे. ‘तुकडे जास्त, म्हणून प्रत्येक तुकडा लहान’ असे आले तर उद्दिष्ट गाठले. ‘पाच मोठा’ असे आले तर त्या मुलाला पुन्हा पट्टीकडे न्यावे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्यातून काहीच कळत नाही.

बहुतेक डेमो प्रस्तावनेतच लांबतात आणि पडताळणी राहून जाते. वेळ कमी पडला तर तीनदा दुमडायची पट्टी आधीच तयार करून आणलेली वापरावी, चिठ्ठ्या मात्र वगळू नयेत. वर्गात मुले नसतील तर समितीतील सदस्यांनाच पट्ट्या द्याव्यात. त्यांनी मुद्दाम चुकीचे उत्तर दिले तरी तेही फळ्यावर घ्यावे.

पाठानंतर ‘२/३ आणि ३/४ यांचे काय?’ असे समिती विचारू शकते. तिथे अंश आणि छेद दोन्ही बदलतात, त्यामुळे आजचा नियम लागू पडत नाही. समच्छेद करून ८/१२ आणि ९/१२ मिळवावे लागतात, आणि तो पुढचा पाठ होय, असे सांगावे.